विश्लेषण : मोबाइल, मुलांचे समाधान आणि बटाटे… 'लक्षणीय' संबंध क्षीण कसा असू शकतो?

'मोबाइल वापर आणि मुलांचे मानसिक आरोग्य यांत लक्षणीय संबंध' अशा आशयाची बातमी दर काही महिन्यांनी आपल्या मोबाइलवरच येऊन पडते. बातमी बहुधा खोटी नसते. पण त्यातील 'लक्षणीय' या शब्दाचा संख्याशास्त्रातील अर्थ आणि घरात बोलताना आपण घेतो तो अर्थ यांत मोठे अंतर आहे. हे अंतर २०१९ मध्ये एका अभ्यासाने चक्क बटाट्यांच्या साहाय्याने दाखवून दिले.

अभ्यास काय होता?

ऑक्सफर्ड विद्यापीठातील एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रिझबिल्स्की यांनी अमेरिकेतील दोन आणि ब्रिटनमधील एक अशा तीन मोठ्या सर्वेक्षणांची माहिती तपासली. एकूण मुले ३,५५,३५८. प्रश्न एकच होता. मोबाइल, संगणक, टीव्ही, समाजमाध्यमे अशा डिजिटल साधनांचा वापर आणि किशोरवयीनांचे मानसिक स्वास्थ्य यांत संबंध आहे का? 'नेचर ह्युमन बिहेविअर' या नियतकालिकात आलेले उत्तर असे होते : संबंध आहे, तो नकारात्मक आहे, पण मुलामुलांच्या स्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्यातील जास्तीत जास्त ०.४ टक्के भागच या वापराशी जुळतो.

हे ०.४ टक्के म्हणजे किती, हे कळावे म्हणून त्यांनी त्याच सर्वेक्षणांतील इतर प्रश्नही तपासले. नियमित बटाटे खाणे आणि स्वास्थ्य यांतील नकारात्मक संबंध जवळजवळ तेवढाच निघाला. चष्मा लावण्याचा संबंध तर त्याहून अधिक नकारात्मक होता. बटाट्यांनी मुले दुःखी होतात, असे अर्थातच कुणीही म्हणत नव्हते. मुद्दा एवढाच होता, की साडेतीन लाख मुलांची माहिती हाताशी असली की जवळपास कशाचाही कशाशीही 'लक्षणीय' संबंध निघतो. हे का होते, ते समजायला साडेतीन लाखांपासून नव्हे, दहा मुलांपासून सुरुवात करणे सोपे.

सहसंबंध गुणांक कसा काढतात?

समजा, एका वसतिगृहातील दहा मुलांना आपण दोन गोष्टी विचारल्या. रोज मोबाइल किती तास बघता, आणि आयुष्याबद्दलच्या समाधानाला दहापैकी किती गुण द्याल? (ही मुले आणि हे आकडे काल्पनिक आहेत, हिशेब सोपा व्हावा म्हणून निवडलेले.) तास क्रमाने असे : १, २, ३, ३, ४, ४, ५, ५, ६, ७. त्याच मुलांचे समाधानाचे गुण : ९, ८, ५, ८, ९, ६, ७, ७, ५, ६.

तासांची सरासरी ४, गुणांची ७. पहिला मुलगा सरासरीपेक्षा ३ तास कमी बघतो आणि सरासरीपेक्षा २ गुण जास्त समाधानी आहे. या दोन फरकांचा गुणाकार उणे ६. दुसऱ्याचा उणे २. तिसरा मात्र कमी मोबाइल बघूनही असमाधानी आहे, म्हणून त्याचा अधिक २. असे दहाही गुणाकार केले की बेरीज उणे १४ येते. बेरीज उणे आली याचा अर्थ एक वाढले की दुसरे कमी होण्याकडे कल आहे.

पण उणे १४ मोठे की लहान? त्यासाठी मोजपट्टी हवी. तासांच्या फरकांच्या वर्गांची बेरीज ३० आणि गुणांच्या फरकांच्या वर्गांची २० आहे. दोहोंचा गुणाकार ६००, त्याचे वर्गमूळ सुमारे २४.४९. उणे १४ ला त्याने भागले की उणे ०.५७. हाच सहसंबंध गुणांक. तो नेहमी उणे १ ते अधिक १ यांच्या दरम्यान राहतो. दोन टोकांना सर्व बिंदू एका तिरक्या सरळ रेषेत बसलेले असतात, आणि शून्य म्हणजे सरळ रेषेसारखा कोणताही कल नाही.

उणे ०.५७ हा चांगला भरभक्कम गुणांक दिसतो. वसतिगृहाच्या रेक्टरांना फलक लावायचा मोह होईल. पण इथेच खरा प्रश्न येतो. ही दहाच मुले आहेत. दुसरी दहा निवडली असती, तर? संपूर्ण शहरातील मुलांत असा काहीच संबंध नसेल, आणि आपल्या वाट्याला आलेल्या दहांत तो निव्वळ योगायोगाने उमटला असेल, तर?

योगायोगाने गुणांक किती मोठा येऊ शकतो?

या प्रश्नाचे उत्तर एका बिअर कारखान्यातील माणसाने शोधले. विल्यम गॉसेट हे डब्लिनच्या गिनेस कंपनीत काम करत. कंपनीतील प्रयोगांत नमुने नेहमीच तोकडे असत आणि मोठ्या नमुन्यांसाठी बनवलेली सूत्रे तिथे फसत. त्यांनी १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने दोन निबंध प्रसिद्ध केले. त्यातला एक जगप्रसिद्ध झाला. दुसरा, सहसंबंध गुणांकावरचा, तुलनेने कमी वाचला जातो.

संगणक नव्हता, म्हणून त्यांनी पुठ्ठ्याचे तुकडे वापरले. इंग्लंडमधील ३,००० गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी अशी मोजमापे आधीच छापलेली होती. ती त्यांनी ३,००० तुकड्यांवर उतरवली, तुकडे पिसले आणि चार-चारांचे ७५० गठ्ठे केले. उंची आणि बोट यांत अर्थातच संबंध असतो. उंच माणसाचे बोट लांब. तो संबंध मुद्दाम तोडण्यासाठी त्यांनी एका गठ्ठ्यातील उंची दुसऱ्याच गठ्ठ्यातील बोटांशी जोडली. आता खरा संबंध शून्य आहे हे निश्चित माहीत होते. तरीही प्रत्येक चौकडीचा गुणांक काढला तर काय दिसते?

जे दिसले ते आजही विद्यार्थ्यांना चकित करते. चारच जोड्या असतील आणि खरा संबंध शून्य असेल, तर उणे १ पासून अधिक १ पर्यंत कोणताही गुणांक येण्याची शक्यता सारखीच असते. शून्याच्या आसपास गर्दी होतच नाही. म्हणजे चार माणसांत ०.९ गुणांक मिळाला, तर तो ०.१ पेक्षा तसूभरही दुर्मीळ नाही. योगायोगाने शंभरात पाचदाच ओलांडली जाईल अशी सीमा हवी असेल, तर ती थेट ०.९५ वर मारावी लागते.

जोड्या वाढल्या की हे चित्र बदलते आणि गुणांक शून्याभोवती गोळा होऊ लागतात. गॉसेट यांनी त्या आकाराचे सूत्र अंदाजाने मांडले आणि १९१५ मध्ये रोनाल्ड फिशर यांनी ते गणिताने सिद्ध केले. शून्य संबंध असताना गुणांक शून्यापासून साधारण किती हेलकावतो, याचे माप फारच सुटसुटीत आहे. जोड्यांच्या संख्येतून एक वजा करा, वर्गमूळ घ्या आणि १ ला त्याने भागा. दहा मुलांसाठी हे एक भागिले तीन, म्हणजे ०.३३. आपला ०.५७ त्याच्या पावणेदोन पटच भरतो. मघाचा भरभक्कमपणा इथे जरा उतरतो.

चाचणी प्रत्यक्षात कशी करतात?

पुस्तकांत दिलेले सूत्र हीच तुलना अधिक काटेकोरपणे करते. त्यात r म्हणजे सहसंबंध गुणांक आणि n म्हणजे जोड्यांची संख्या.

```
t = r × √(n − 2) ÷ √(1 − r²)
```

आपल्या दहा मुलांसाठी t उणे १.९७ येतो. खरा संबंध शून्य असेल तर t किती भरकटू शकतो, याचा तक्ता 'स्टुडंट'च्याच नावाने ओळखला जातो. दहा जोड्यांसाठी, म्हणजे ८ स्वातंत्र्य मात्रांसाठी, पाच टक्क्यांची सीमा २.३१ आहे. दोन का वजा केले? कारण सरळ रेषा बसवताना तिची उंची आणि तिचा उतार या दोन गोष्टी याच माहितीतून ठरवाव्या लागतात. उरलेल्या आठच मोकळेपणी हलू शकतात. १.९७ ही संख्या २.३१ च्या आत राहिली. म्हणजे ०.५७ सारखा मोठा गुणांकही इथे 'लक्षणीय' ठरत नाही.

हा हिशेब मोबाइलवरील कुठल्याही स्प्रेडशीट ॲपमध्ये करता येतो. ए स्तंभात तास, बी स्तंभात गुण दुसऱ्या ओळीपासून भरा, आणि पुढील तीन सूत्रे C1, C2, C3 या चौकटींत लिहा.

```
=CORREL(A2:A11,B2:B11)
=C1*SQRT(8)/SQRT(1-C1^2)
=T.DIST.2T(ABS(C2),8)
```

शेवटच्या चौकटीत सुमारे ०.०८ दिसेल. हे पी-मूल्य. त्याचा अर्थ असा, की खरा संबंध शून्य असता, तर दहा-दहा मुलांच्या शंभर नमुन्यांपैकी साधारण आठांत एवढा किंवा याहून मोठा गुणांक, कोणत्याही दिशेने, आपोआप आला असता. 'संबंध असण्याची शक्यता ९२ टक्के' असा याचा अर्थ होत नाही. ही चूक शिकलेली माणसेही इतक्या सहजतेने करतात, की आता तिच्यावर चिडण्यातही अर्थ उरलेला नाही.

आणि 'लक्षणीय नाही' म्हणजे 'संबंध नाही' असेही नव्हे. फिशर यांच्याच पद्धतीने अंदाजाची व्याप्ती काढली, तर या दहा मुलांची माहिती उणे ०.८८ पासून अधिक ०.०९ पर्यंतच्या कोणत्याही खऱ्या गुणांकाशी सुसंगत आहे. म्हणजे संबंध अतिशय घट्ट असू शकतो किंवा नसूही शकतो. दहा मुलांनी आपल्याला जवळपास काहीच सांगितलेले नाही, एवढेच त्यातून कळते.

नमुना वाढला की काय होते?

पुन्हा सूत्राकडे बघा. त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींना गुणलेल्या आहेत. एक, संबंध किती घट्ट आहे, म्हणजे r. दुसरी, माहिती किती गोळा केली, म्हणजे n. गुणाकार मोठा आला की चाचणी 'लक्षणीय' म्हणते. पण तो r मुळे मोठा झाला की n मुळे, हे ती सांगत नाही.

म्हणून सीमा ओलांडायला लागणारा किमान गुणांक नमुन्याबरोबर झपाट्याने खाली येतो. दहा मुलांत तो ०.६३ असावा लागतो. तीस मुलांत ०.३६ पुरतो, शंभरांत ०.२०, हजारांत ०.०६. आणि ३,५५,३५८ मुले असतील तर ०.००३३. एवढ्या गुणांकाचा आलेख काढला, तर कागदावर माश्या बसल्यासारखा निव्वळ ठिपक्यांचा ढग दिसेल. त्यात तिरकी रेषा कुठे आहे, हे कुणालाही बोट ठेवून दाखवता येणार नाही.

आता ऑक्सफर्डच्या आकड्याकडे येऊ. फरकाचा जितका भाग 'जुळतो' तो गुणांकाच्या वर्गाएवढा असतो. ०.४ टक्के म्हणजे ०.००४, त्याचे वर्गमूळ सुमारे ०.०६३. तेव्हा वरची मर्यादा धरून गुणांक उणे ०.०६३ मानू आणि तो सगळ्या ३,५५,३५८ मुलांसाठी सूत्रात घालू. (मूळ अभ्यासात तिन्ही सर्वेक्षणे स्वतंत्रपणे आणि अनेक पद्धतींनी तपासली आहेत, हा हिशेब केवळ प्रमाण कळावे म्हणून.) t उणे ३७ च्याही पलीकडे जातो. सीमा १.९६ ची. पी-मूल्य लिहायला गेलो, तर दशांश चिन्हानंतर तीनशेहून अधिक शून्ये लिहावी लागतील.

दहा मुलांतील उणे ०.५७ 'लक्षणीय नाही' आणि साडेतीन लाखांतील उणे ०.०६३ 'अत्यंत लक्षणीय'. दोन्ही विधाने बरोबर आहेत. पहिल्यात गुणांक मोठा आहे पण त्यावर भरवसा नाही; दुसऱ्यात गुणांक लहान आहे आणि तो लहानच आहे याची पक्की खात्री आहे. कारण तिथे अंदाजाची व्याप्ती उणे ०.०६६ ते उणे ०.०६० एवढीच उरते. गंमत अशी, की पी-मूल्यातील ती तीनशे शून्ये संबंधाचा घट्टपणा सिद्ध करत नाहीत, उलट त्याचा क्षीणपणाच शिक्कामोर्तब करतात.

नमुना खोटा फुगवला तर?

जोड्यांच्या संख्येला एवढी ताकद असल्याने चाचणी फसवणेही सोपे आहे, बहुतेक वेळा अजाणता. स्प्रेडशीटमधील दहा ओळी उचला आणि खाली आणखी नऊ वेळा चिकटवा. ओळी शंभर झाल्या. गुणांक जसाच्या तसा, उणे ०.५७. पण सूत्रात ८ च्या जागी ९८ आले की t उणे ६.९० होतो आणि कालचा 'लक्षणीय नाही' आज ठणठणीत लक्षणीय ठरतो. माहितीत मात्र एका कणाचीही भर पडलेली नाही.

असे जाणूनबुजून कुणी करत नाही, पण त्याची सभ्य रूपे वारंवार दिसतात. त्याच दहा मुलांना महिनाभर रोज विचारले आणि तीनशे नोंदी तीनशे मुले असल्यासारख्या वापरल्या. किंवा एकाच शाळेतील चार वर्ग घेतले, जिथे मुले एकमेकांसारखी वागतात. सूत्रातील n हा कागदावरील ओळींचा आकडा नसून एकमेकांवर अवलंबून नसलेल्या निरीक्षणांचा आकडा असतो. बातमी वाचताना 'तीनशे नोंदी' आणि 'तीनशे माणसे' यांतला फरक शोधावा, तो याचसाठी.

क्षीण म्हणजे नेमके किती क्षीण?

'०.४ टक्के फरक जुळतो' हे वाक्य घरात कुणाला सांगितले, तर फारसे काही पोहोचत नाही. वर्ग केलेली संख्या मुळातच लहान भासते, हाही आक्षेप रास्त आहे. त्यापेक्षा एक वेगळा खेळ करून बघू. कोणतीही दोन मुले निवडा. त्यांतील कोण मोबाइल जास्त बघते एवढेच तुम्हाला सांगितले, आणि दोघांत कमी समाधानी कोण हे ओळखायचे आहे. काहीच माहीत नसेल तर नाणे उडवून शंभरात पन्नासदा बरोबर याल. दोन्ही मोजमापे घंटेच्या आकाराने पसरलेली आहेत असे मानले, तर उणे ०.०६३ या गुणांकाच्या आधाराने तुम्ही शंभरात ५२ वेळा बरोबर याल. फक्त दोन जास्त. वसतिगृहातील उणे ०.५७ खरा असता, तर ६९ वेळा.

म्हणजे एखाद्या विशिष्ट मुलाच्या मोबाइलचे तास बघून त्याच्या मनाची अवस्था ओळखू पाहणे जवळपास नाणेफेकच आहे. आपल्या घरातल्या मुलाविषयी निष्कर्ष काढताना ही गोष्ट कामाची.

यात कार्यकारणाचा प्रश्न तर अजून आलेलाच नाही. मोबाइलमुळे मूल खचते, की खचलेले मूल मोबाइलकडे वळते, की घरातील तिसऱ्याच एखाद्या कारणाने दोन्ही होते, यांतील काहीही गुणांक सांगत नाही आणि त्याची चाचणीही सांगत नाही.

मग लहान गुणांक सरसकट दुर्लक्षित करायचा?

नाही, आणि इथे बटाट्यांची उपमा जरा सैल पडते. अमेरिकेत १९८० च्या दशकात २२,०७१ पुरुष डॉक्टरांवर एक प्रसिद्ध प्रयोग झाला. अर्ध्यांना एक दिवसाआड ॲस्पिरिन, अर्ध्यांना तशीच दिसणारी औषधविरहित गोळी. कुणाला कोणती, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवलेले. ॲस्पिरिनच्या गटात १०४ जणांना हृदयविकाराचा झटका आला, दुसऱ्या गटात १८९ जणांना. फरक इतका ठसठशीत होता, की प्रयोगाचा ॲस्पिरिनचा भाग मुदतीआधीच थांबवून निकाल जाहीर करण्यात आले.

आता गोळी घेतली की नाही आणि झटका आला की नाही, यांतील सहसंबंध गुणांक काढला तर तो केवळ ०.०३४ भरतो. ऑक्सफर्डच्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास. तरीही झटक्यांची संख्या जवळपास निम्मी झाली होती. असे कसे? कारण बावीस हजारांपैकी बहुतेकांना झटका येणारच नव्हता, गोळी घेतली काय किंवा न घेतली काय. घटना विरळ असली की गुणांक आपोआप आक्रसतो, पण ज्यांचा जीव वाचतो त्यांच्यासाठी तो लहान राहत नाही.

दोन प्रकरणांतला फरक गुणांकात नाही, भोवतालच्या गोष्टींत आहे. ॲस्पिरिनच्या प्रयोगात गोळी कुणाला द्यायची हे संशोधकांनी ठरवले होते, म्हणून कारण कोणते याबद्दल शंका नव्हती. शिवाय परिणाम जीवनमरणाचा होता. मोबाइलच्या सर्वेक्षणांत मुलांनी स्वतःच आपले तास आणि स्वतःच आपली मनःस्थिती सांगितली. माणसे आपले मोबाइलचे तास फार अचूक सांगत नाहीत, आणि मोजमाप ढिसाळ असेल तर खरा संबंधही गुणांकात पुसट दिसतो. तेव्हा ०.०६३ हे खऱ्या संबंधाचे पुसट चित्र असण्याचीही शक्यता उरते. तेवढाच लहान गुणांक बटाट्यांसारख्या भलत्याच कारणानेही येऊ शकतो. दोहोंपैकी काय, हे पी-मूल्यातली शून्ये मोजून कळत नाही.

आता वाद कशावर आहे?

ऑर्बेन आणि प्रिझबिल्स्की यांच्या निष्कर्षावर जीन ट्वेंगी, जोनाथन हाइट आदींनी पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात आक्षेप घेतला. त्यांचा रोख चाचणीवर नव्हता. संबंध शून्य नाही, हे दोन्ही बाजूंना मान्यच होते. आक्षेप असा होता, की टीव्ही, संगणक, मोबाइल असे सगळे पडदे एकत्र कालवले आणि मुले-मुली एकत्र मोजल्या, की खरा परिणाम पातळ होतो. हाइट यांच्या म्हणण्यानुसार फक्त मुली आणि फक्त समाजमाध्यमे वेगळी काढली, तर गुणांक ०.१५ ते ०.२० च्या घरात जातो.

वरच्याच खेळात हा आकडा घातला, तर शंभरात ५२ ऐवजी ५५-५६ वेळा आपण बरोबर येऊ. हा आकडा पालकांनी हात आखडता घेण्याइतका मोठा आहे का, त्यात कारण कोणते आणि परिणाम कोणता, ज्या मोजक्या मुलींवर सर्वाधिक परिणाम होतो त्या सरासरीत झाकल्या जातात का, यांवर दोन्ही बाजूंचे संशोधक अजून भांडत आहेत. ०.०६ असो वा ०.२०, मोठ्या सर्वेक्षणात दोन्ही गुणांक 'लक्षणीय' म्हणूनच छापले जातात.